फळ्यावरच्या रिकाम्या जागा

पांढऱ्या फळ्याच्या फोटोवरून टिपणं टाइप करायचं काम वर्षानुवर्षं केलं की एक गोष्ट पक्की कळते. या कामातला खरा प्रश्न दिसणाऱ्या अक्षरांचा नसतो, न दिसणाऱ्यांचा असतो. दिसतं ते कुणीही उतरवेल; हात जरा सवयीचा झाला की वाकडंतिकडं अक्षरही लागतं. अडतं ते फोटोत पांढरं पडलेल्या, अर्धवट पुसलेल्या किंवा कडेला चेपून गेलेल्या जागेपाशी. तिथे आधी मनात येतं, ‘इथे काय असेल?’ माझं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, ‘ही जागा रिकामी कशामुळे दिसते आहे?’ एका जागी मजकूर फळ्यावर होता, पण कॅमेऱ्याला दिसला नाही. दुसऱ्या जागी तो चुकून पुसला गेला. तिसऱ्या जागी बोलणाऱ्याने तो मुद्दाम काढून टाकला. चौथ्या जागी दिसणारी पुसट अक्षरं त्या बैठकीची नव्हतीच, आदल्या कुठल्या तरी दिवसाची होती. फोटोत हे चारही प्रकार सारखेच दिसतात, टिपणात मात्र प्रत्येकाची वागणूक वेगळी असावी लागते. कारण न ओळखता जागा भरली की चूक होते, आणि ती चूक छापील अक्षरांत इतकी नीटनेटकी दिसते की पुढे कुणाला शंकाही येत नाही.

साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी हे काम कमी नाही. स्पर्धा परीक्षांचे वर्ग आहेत, बचत गटांच्या आणि ग्रामपंचायतींच्या बैठका आहेत, आणि सगळा परिसर धानाचा असल्यामुळे शेतीची प्रशिक्षणंही होतात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं धानाचं संशोधन इथे चालतं आणि साकोलीच्या नावाने धानाचे वाण निघालेले आहेत, त्यामुळे फळ्यावर वाण, मात्रा, दिवस, पोती यांची गर्दी होणं स्वाभाविक आहे. बोलणारा बोलता बोलता लिहितो, जागा संपली की कोपऱ्यात घुसवतो, बाण काढतो, एखादा आकडा पुसून दुसरा टाकतो. शेवटी कुणीतरी बाजूच्या बाकावरून मोबाइल उचलतो आणि एक फोटो काढतो. टंकलेखकाच्या हाती येतो तो फोटो, फळा नव्हे. फळा तोवर पुसलेलाही असतो. म्हणून फोटोकडून जेवढी साक्ष मिळेल तेवढी काढून घेणं आणि जी मिळत नाही तिच्या जागी आपली साक्ष न घालणं, ही दोन्ही कामं एकत्र करावी लागतात.

सुरुवात तिरप्या कोनापासून करावी, कारण इथे फोटो बऱ्याच अंशी सुधारता येतो. फळा आयताकृती असतो, पण बाजूने काढलेल्या फोटोत त्याचा चौकोन वाकडा होतो, जवळची उभी कड लांब आणि दूरची आखूड दिसते. फळ्याचे चार कोपरे फोटोत कुठे आहेत ते मोजून, ते मूळ आयताच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवले की मधला सगळा मजकूर सरळ होतो. मोबाइलवरची स्कॅनची ॲप हेच आपोआप करतात, पण गर्दीच्या फळ्यावर त्यांची फसगत होते. फळ्यावर आखलेल्या तक्त्याची चौकट त्यांना फळ्याची कड वाटते. शिवाय फळ्याची लांबी-रुंदी त्यांना ठाऊक नसते, आपल्याला असते. सहा फूट बाय चार फूट फळा असेल तर सरळ केलेलं चित्रही तीनास दोन याच प्रमाणात हवं. ते चुकलं तर अक्षरं ताणलेली किंवा बुटकी दिसतात, वर्तुळं लंबगोल होतात, आणि अर्धवट अक्षराचा आकार ताडताना डोळा फसतो. म्हणून कोपरे हाताने मोजून दिलेले बरे. इमेजमॅजिक या मोफत प्रणालीत ते एका ओळीत होतं:

```
magick phala.jpg -define distort:viewport=2400x1600+0+0 \
  -distort Perspective "1020,250 0,0  2970,625 2400,0 \
  2970,1875 2400,1600  1020,2040 0,1600" saral.jpg
```

यातल्या प्रत्येक जोडीत आधी फोटोतला कोपरा आहे आणि मग तो जिथे न्यायचा ती जागा. डावीकडचा वरचा कोपरा, उजवीकडचा वरचा, उजवीकडचा खालचा, डावीकडचा खालचा असा क्रम आहे. कोपरा फोटोबाहेर राहिला असेल तर फळ्याच्या दोन कडा पुढे वाढवून त्या जिथे मिळतील तो बिंदू घ्यावा. कडाही दिसत नसतील तर मजकुरातलीच आखलेली चौकट वापरावी, पण हाताने आखलेली चौकट काटकोनी असेलच असं नाही हे लक्षात ठेवून.

वरचेच आकडे घेऊन या सुधारणेची मर्यादा दाखवता येते. डावी कड फोटोत १७९० बिंदू उंच आहे आणि उजवी १२५०. दोन्ही कडा प्रत्यक्षात चारच फुटांच्या आहेत. म्हणजे दूरच्या कडेला अक्षराची उंची जवळच्या अक्षराच्या सत्तर टक्केच उरली आहे. रुंदीचं नुकसान त्याहून जास्त होतं. उंची अंतराच्या प्रमाणात घटते, तर रुंदी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दूरच्या कडेचं अक्षर रुंदीला जवळजवळ निम्मंच राहतं. सरळ करताना हे अक्षर ताणून पुन्हा मोठं होतं खरं, पण त्यात नवी माहिती येत नाही. जे टिपलंच गेलं नाही ते ताणून कुठून येणार? चार फूट म्हणजे सुमारे १२२० मिलिमीटर, तेव्हा उजव्या कडेला एका मिलिमीटरला जेमतेम एक बिंदू मिळतो. मार्करने दिलेला ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे फोटोत तो दोन-तीन बिंदूंचा. फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर तो लहान करून दाबलेला असतो, आणि पहिल्यांदा हेच ठिपके जातात. मराठीत ठिपका म्हणजे अनुस्वार, आणि आकड्यांत ठिपका म्हणजे दशांशचिन्ह. अनुस्वार गेला तर शब्द बहुधा सावरता येतो, पण २१.७५ मधला ठिपका गेला की २१७५ उरतात. त्यातून आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे डाव्या बाजूला बसलेल्याने काढलेल्या फोटोत तक्त्याचे शेवटचे रकाने, म्हणजे एकूण, तारीख, जबाबदारी, हेच सगळ्यात जास्त चेपलेले असतात. तिरप्या फोटोची दूरची बाजू वाचताना प्रत्येक आकडा संशयित धरावा, हे मी याच कारणासाठी म्हणतो.

चकाकीचं तसं नाही. ट्यूबलाइट किंवा खिडकी फळ्यावर चमकते आणि त्या पट्ट्यातलं सगळं पांढरं होतं. पण चमक फोटो काढणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. तो दोन पावलं सरकला की चमकही सरकते, मजकूर मात्र तिथेच राहतो. म्हणून त्याच फळ्याचे दोन फोटो दोन जागांवरून मिळाले, तर दोन्ही एकाच मापात सरळ करायचे, एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक बिंदूला दोघांतला जास्त काळा घ्यायचा. चमक जाते, अक्षरं राहतात. बैठकीतल्या लोकांकडे मागणी केली तर असा दुसरा फोटो बहुतेक वेळा निघतोच, कारण फोटो काढणारा एकटा नसतो. चकाकीमुळे रिकामी झालेली जागा म्हणूनच खऱ्या अर्थाने रिकामी नसते. तिथे मजकूर होता, फक्त शोध थांबवायचा नाही. पुसलेल्या जागेला हा उपाय लागू पडत नाही. तिथे दहा फोटो आणले तरी दहाही सारखेच मुके.

पुसलेलं ओळखायला मार्करचं थोडं ज्ञान उपयोगी पडतं. फळ्याच्या मार्करच्या शाईत रंगाबरोबर असा एक पदार्थ असतो, जो रंगाला पृष्ठभागाला घट्ट चिकटू देत नाही. पातळ करणारं अल्कोहोल उडून गेलं की रंगाचा सुटा थर वर राहतो आणि डस्टरने निघतो. फळा नवा असेल तर तो स्वच्छ निघतो. मेलामाइनचा स्वस्त फळा झिजला की त्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात, रंग त्यांत अडकतो आणि पुसल्यावरही अक्षराची पुसट छाया मागे राहते. लिहिलेलं जितके दिवस तसंच राहिलं, तितकी छाया गडद. ही छाया फोटोतून वर काढता येते. फोटोची एक प्रत खूप धूसर करून तिने मूळ फोटोला भागलं की उजेडाचा चढउतार जातो आणि फिकट रेषा उठून दिसतात. गिम्पमध्ये हे थराच्या ‘भागाकार’ पद्धतीने होतं. रंगीत मजकूर असेल तर फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पदरांत फोडावा. लाल पदरात लाल शाई जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा लाल वर्तुळाखाली दबलेला काळा आकडा तिथे मोकळा दिसतो. निळ्या पदरात उलट, लाल शाई काळी होऊन उठते. कष्ट पाच मिनिटांचे, आणि त्यातून मिळणारं पुष्कळ असतं.

पण छाया वाचता आली म्हणजे ती टिपणात घालायची, असा निष्कर्ष लगेच काढू नये. ती पुसली कशी गेली ते आधी पाहावं, आणि ते फोटोत दिसतं. बाही किंवा कोपर घासून पुसलं गेलेलं असेल तर पट्टा तिरपा असतो, दोन-तीन ओळी अर्ध्यातून कापत जातो, शब्दांची पर्वा करत नाही. अक्षरांचे वरचे किंवा खालचे भाग शाबूत राहतात आणि शाई एका दिशेला ओढली गेलेली दिसते. डस्टरने किंवा बोटाने मुद्दाम पुसलेलं असेल तर पुसण्याची कड शब्दाच्या किंवा आकड्याच्या हद्दीशी जुळते, शेजारचं अक्षर वाचवलेलं असतं, आणि बहुधा त्या जागेच्या मधोमध नवा मजकूर ठसठशीत बसलेला असतो. कधी नव्या अक्षरांचा आकार त्या जागेत मावेल इतका आवळलेला दिसतो. आदल्या दिवसाची छाया असेल तर तिची ओळच वेगळी असते, आजच्या तक्त्याच्या रकान्यांना ती जुमानत नाही, उभ्या रेघा तिच्या अंगावरून सरळ जातात, हस्ताक्षरही बहुधा दुसरं असतं. हाच नियम क्रम लावतानाही कामी येतो. गर्दीच्या फळ्यावर कोणती ओळ आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवायचं असेल, तर कोणती ओळ कोणाला वळसा घालून जाते ते पाहावं. वळसा घालणारी ओळ नंतरची. आधीच्या ओळीला मोकळी जागा मिळालेली असते, तिला वाकायचं कारण नसतं.

आता एक फळा पूर्ण सोडवून पाहू. धानाच्या खतमात्रेचा फळा घ्या, असे फळे आमच्याकडे रोवणीच्या आधी हमखास भरतात. धानाला हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश १००:५०:५० किलो अशी मात्रा सांगतात, एकराला ती धरून चालायला ४०:२०:२० होते. तक्त्यात चार रकाने आहेत: खत, एकरी किलो, पोती आणि केव्हा द्यायचं. फोटो डावीकडून तिरपा काढलेला, म्हणजे ‘केव्हा’चा रकाना चेपलेला. एक तिरपा पट्टा तक्त्यातून गेला आहे. युरियाच्या किलोचा पहिला आकडा पूर्ण गेला आहे आणि दुसऱ्याचा फक्त खालचा अर्धा भाग, एक गोलाई, शिल्लक आहे. सुपर फॉस्फेटच्या किलोत ‘१२’ दिसतं आणि तिसरा आकडा गेला आहे. वर शीर्षकात ‘वाण: साकोली-’ इतकं आहे आणि पुढचा आकडा त्याच पट्ट्यात सापडला आहे. शिवाय युरियाच्या रकान्यात, पट्ट्याच्या जरा वर, एक पुसट ‘२१७’ दिसतं.

सुपर फॉस्फेटपासून सुरुवात करू, ते सोपं आहे. त्यात स्फुरद १६ टक्के असतं. वीस किलो स्फुरदासाठी २० भागिले ०.१६ म्हणजे नेमके १२५ किलो लागतात. शेजारच्या पोत्यांच्या रकान्यात ‘अडीच’ लिहिलेलं दिसतं. पन्नास किलोची अडीच पोती म्हणजे तेच १२५. गणित एक सांगतं, आणि गणिताशी संबंध नसलेली फळ्यावरची दुसरी जागाही तेच सांगते. इथे पाच भरायला हरकत नाही. युरिया अवघड आहे. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणून ४० किलो नत्राला सुमारे ८७ किलो युरिया येतो. पण युरियाचं पोतं ४५ किलोचं आहे, आणि बोलणारा शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ‘दोन पोती, म्हणजे ९०’ असंही लिहू शकतो. पोत्यांच्या रकान्यात ‘२’ आहे, ते दोन्हीला जुळतं. उरलेली गोलाई पाहावी, तर मराठी ७ चा खालचा भाग आणि शून्याचा खालचा भाग सारखाच गोल. म्हणजे गणित ८७ म्हणतं, व्यवहार ९० म्हणतो, आणि शाई कोणाचीच बाजू घेत नाही. जो केवळ गणितावर विसंबेल तो इथे ८७ टाइप करून मोकळा होईल; बरोबर निघालं तरी ते नशीब.

निर्णय चेपलेल्या रकान्यात मिळतो. युरिया तीन हप्त्यांत द्यायचा असतो: निम्मा रोवणीच्या वेळी, पाव फुटवे येताना आणि पाव लोंबी धरण्याच्या सुमारास. फोटो सरळ केल्यावर त्या रकान्यात पहिला आकडा ‘४३’ आणि पुढे काहीतरी, दुसरा ‘२१’ आणि पुढे दोन आकडे, असं दिसतं. दशांशचिन्हं दिसत नाहीत. युरिया ९० किलो असता तर हप्ते ४५, २२.५, २२.५ असते. ८७ असेल तर ४३.५, २१.७५, २१.७५. ‘४३’ आणि ‘२१’ फक्त ८७ लाच जुळतात. आता ८७ भरता येतं, आणि त्याच पुराव्याने हप्त्यांतले हरवलेले ठिपकेही जागेवर बसतात, कारण एकरी ४३५ किलो युरिया एका हप्त्यात कुणी सांगणार नाही आणि बेरजेतही तो बसत नाही. नीट पाहिलं तर इथे जागा अंदाजाने भरलेली नाही, फळ्याच्या दुसऱ्या टोकाने ती भरून दिली आहे.

‘२१७’ चं काय? शंभर किलो नत्राला हेक्टरी २१७ किलो युरिया लागतो. म्हणजे बोलणाऱ्याने आधी तक्ता हेक्टरचा मांडला होता आणि मग, समोरच्यांची जमीन एकरात मोजली जाते हे पाहून, तो पुसून एकरचा केला. पुसण्याची कड आकड्याभोवती आटोपशीर आहे, शेजारची रेघ वाचवलेली आहे, आणि रकान्याच्या डोक्यावर ‘हे.’ पुसून ‘एकरी’ लिहिल्याची छायाही भागाकाराच्या चित्रात दिसते. हा मजकूर वाचता येतो, तरीही टिपणात येता कामा नये, कारण तो मागे घेतलेला आहे. कुणी तो ‘फोटोत दिसतो म्हणून’ ८७ च्या शेजारी ठेवला तर एकरात अडीचपट युरिया जाईल, धान माजून लोळेल, रोग-किडीला आमंत्रण मिळेल. वाणाच्या नावापुढचा आकडा मात्र तसाच सोडावा लागतो. साकोलीच्या नावाचे वाण एकाहून जास्त आहेत, पुसलेल्या आकड्याला कुठलंही गणित बांधलेलं नाही आणि फळ्यावर दुसरीकडे त्याचा उल्लेख नाही. तिथे ‘साकोली-[१ आकडा पुसलेला]’ असंच टाइप करायचं.

हे चौकटी कंस मी मनाने काढलेले नाहीत. जुन्या शिलालेखांचं आणि पोथ्यांचं वाचन करणाऱ्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवून ठेवला आहे. १९३१ साली लायडनला विद्वानांनी लेखांच्या संपादनासाठी खुणा ठरवल्या. त्यांत झिजून गेलेल्या आणि संपादकाने भरलेल्या मजकुराला चौकटी कंस आहे, संशयित अक्षराखाली ठिपका आहे, आणि जुन्या काळीच मुद्दाम खोडलेल्या मजकुराला दुहेरी चौकटी कंस, म्हणजे वेगळी खूण, आहे. रोमन सम्राट गेटा मारला गेल्यावर त्याचं नाव लेखांवरून छिन्नीने काढलं गेलं. कित्येक ठिकाणी ते अजून वाचता येतं, पण वाचता येतं म्हणून ते साध्या मजकुरात घालत नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना ज्या पाठाबद्दल खात्री कमी, त्याखाली नागमोडी रेघ दिली. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. मजकूर नाही हे सांगणं पुरेसं नाही, तो का नाही आणि आपण त्याबद्दल किती खात्रीने बोलतो आहोत हेही सांगावं लागतं. फळ्याच्या टिपणाला तीन खुणा पुरतात. पुराव्याने भरलेल्याला साधा चौकटी कंस, [८७]. दिसतं पण खात्री नाही त्याला प्रश्नचिन्ह, २१.७५[?]. गेलेल्या जागेला तिचं माप आणि कारण, [२ शब्द, चकाकी] किंवा [१ आकडा पुसलेला]. मुद्दाम पुसलेलं सोडून द्यायचं. अपवाद बैठकीच्या इतिवृत्ताचा; तिथे आधी काय ठरत होतं आणि नंतर काय ठरलं यालाही महत्त्व असतं, तेव्हा ते वेगळ्या टिपेत यावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: वाचणाऱ्याला स्वच्छ टिपण हवं असतं, कंस आणि प्रश्नचिन्हं पाहून तो वैतागतो. वैतागतो हे खरं. पण कंस खूप झाले असतील तर फोटो वाईट आहे, आणि ते वाचणाऱ्याला कळणं त्याच्याच हिताचं आहे. बऱ्या फोटोतून पानभर टिपणात कंस थोडेच उरतात आणि ते नेमके तिथे असतात जिथे वाचणाऱ्याने थांबायला हवं. शेवटी सगळं ठरल्यावर कंस काढून स्वच्छ प्रत करता येते. उलटा प्रवास होत नाही. स्वच्छ प्रतीतून कोणता आकडा वाचलेला होता आणि कोणता भरलेला, हे पुन्हा शोधून काढता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विषय जाणणाऱ्याला संदर्भावरून कळतंच, मग एवढा संकोच कशाला? विषयाचं ज्ञान लागतं, यात वाद नाही. युरियात नत्र ४६ टक्के असतं हे माहीत नसेल तर वरचा फळा सुटलाच नसता. पण त्याच ज्ञानाने २१७ सुद्धा ओळखीचं वाटतं, आणि ज्याला हेक्टरची मात्रा तोंडपाठ आहे त्याचा हात तो आकडा जास्त सहज उचलतो. संदर्भ आपल्याला सांगतो की सहसा काय लिहितात. या माणसाने आज काय लिहिलं ते सांगत नाही. बोलणारा कधी नेहमीच्या मात्रेपेक्षा मुद्दाम वेगळी मात्रा सांगतो, कारण समोरच्या गावाच्या बांध्यांची जमीन वेगळी आहे. संदर्भाने भरणारा टंकलेखक नेमकं तेच वेगळेपण पुसून टाकतो, आणि ज्यासाठी टिपण काढलं ती गोष्टच त्यात उरत नाही. म्हणून ज्ञानाचा उपयोग शक्यता मांडायला करावा, निकाल मात्र शाईवर सोडावा. गणित आणि शाई दोन्ही जुळली तरच भरायचं. एकच जुळलं तर प्रश्नचिन्ह.

तिसरा आक्षेप असा की एवढी उठाठेव करण्यापेक्षा ज्याने लिहिलं त्याला विचारावं. विचारावंच, पण विचारण्याचीही रीत आहे आणि ती चुकली तर विचारून न विचारल्यासारखं होतं. ‘सर, तिथे १२५ होतं ना?’ असं विचारलं की कामात असलेला माणूस ‘हो’ म्हणतो. त्याला फळा आठवलेला नसतो, आपला आकडा पटलेला असतो. ‘सुपर फॉस्फेट एकरी किती सांगितलं होतं?’ असं विचारलं तर तो स्वतः आठवतो किंवा स्वतः हिशेब करतो, आणि त्याचं उत्तर स्वतंत्र पुरावा ठरतं. विचारताना फोटोचा तेवढाच भाग कापून सोबत द्यावा, आपण भरलेला आकडा देऊ नये. प्रश्न आठवड्याच्या आत जावेत आणि एकत्र जावेत, कारण तोच माणूस तोच तक्ता पुढच्या गावात थोड्या फरकाने मांडत असतो आणि मग त्याच्या आठवणीत दोन फळे मिसळतात. कधी उत्तर फोटोच्या विरुद्ध येतं. फोटोत ८ स्पष्ट दिसतो आणि लिहिणारा म्हणतो, ६ होता. अशा वेळी टिपणात फळ्यावरचं ८ ठेवावं आणि तळाशी लिहावं की वक्त्याच्या म्हणण्याप्रमाणे ६ हवा. फळ्यावर चुकून ८ पडला असेल, तर समोर बसलेल्या सगळ्यांच्या वह्यांतही ८ च गेला आहे, आणि ती दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचायची असेल तर दोन्ही आकडे कागदावर दिसायला हवेत.

मूळ फोटो, सरळ केलेला फोटो आणि टिपण एकाच नावाने, पुढे तारीख लावून, एकत्र ठेवावेत, आणि मूळ फोटो कधीही दुरुस्त प्रतीने झाकू नये. तो व्हॉट्सॲपवर आला असेल तर काढणाऱ्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवावा, म्हणजे न दाबलेला मिळतो. कित्येकदा कंसात अडकलेला ठिपका त्या एका मागणीनेच सुटतो.